नॉब 'बंद'वर, पण ज्योत चालूच

दूध उतरवलं आणि गॅस बंद केला. नॉबची खूण 'बंद'वर आली, पण ज्योत तशीच. पुन्हा फिरवला तर नॉब नुसताच गरगर फिरला. प्लास्टिकला तडा गेला होता आणि आतला कॉकचा दांडा जागचा हललाच नव्हता.

ताबडतोब रेग्युलेटर बंद केला. नळीत उरलेला गॅस जळू दिला. ज्योत बारीक होत विझली. खिडकी उघडली, लायटरचा सेल काढून ठेवला आणि शेगडी पूर्ण गार होईपर्यंत थांबलो.

मग नॉब ओढला, तर निघेना. उतू गेलेलं दूध आणि तेलकट चिकटा मागच्या फटीत जाऊन दगड झाला होता. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह झाला, पण वर काच आहे. एका कडेवर जोर पडला की ती तडकते, शिवाय दांडाही वाकतो. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून, घट्ट पिळून दहा मिनिटं नॉबभोवती गुंडाळलं. तेलाचा फवारा मुद्दाम टाळला. तो पेट घेतो, आणि कॉकमध्ये उतरला तर आतलं ग्रीस धुऊन काढतो. तेच ग्रीस गॅस अडवून धरतं.

नंतर जाड सुती नाडी नॉबच्या मागून घातली आणि दोन्ही टोकं धरून सरळ स्वतःकडे ओढली. 'टक्' झालं आणि बाहेरचं कवच हातात आलं. मधली नळी मात्र दांड्यालाच चिकटून! निमुळत्या पक्कडीने तिची कड तड्याजवळ धरून बाहेरच्या बाजूला उघडली, पिळली अजिबात नाही. दोन तुकडे पडले. आतली स्प्रिंगची पट्टीही निघाली, गंजलेली.

दांडा गोल असला तरी त्याची एक बाजू सपाट असते, इंग्रजी 'डी'सारखी. शेजारच्या बर्नरचा कॉक अगदी तसाच, म्हणून त्याचा नॉब काढून बंद अवस्थेत सपाट बाजू कुठे येते ते पाहिलं. माझ्या दांड्याची भलतीकडेच होती, म्हणजे कॉक अजून उघडाच! पक्कडीच्या तोंडाला कापड लावून दांडा हलकेच बंदकडे फिरवला. शेवटी तो किंचित बाहेर उसळला आणि आत दाबल्याशिवाय फिरेना. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

नवा नॉब घ्यायला जुने तुकडे सोबत नेले, कारण दांड्याची जाडी आणि सपाट बाजूची दिशा दोन्ही जुळावी लागतात. बसवल्यावर सगळे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर उघडला आणि दांड्याच्या बुडाशी साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले असते तर रेग्युलेटर पुन्हा बंद करून मेकॅनिकलाच बोलावलं असतं. कॉक खोलणं हे आपलं काम नव्हे. फेस तसाच बसून राहिला. सेल परत घातला, दूध पुन्हा चढवलं.