आमची वाटचाल: पीएचच्या आकड्यामागचे मिलिव्होल्ट

आमच्या कामाची सुरुवात पीएच मीटरच्या दुरुस्तीपासून झाली. इलेक्ट्रोड बनवायचे असं तेव्हा मनातही नव्हतं. पण दुरुस्तीला येणारी बरीचशी मीटर ठणठणीत असत. इलेक्ट्रोड काढून त्याच्या जागी ठरावीक मिलिव्होल्ट देणारी पेटी जोडली, की शून्याला ७ आणि अधिक १७७ ला ४ असा बिनचूक आकडा यायचा. दोष मीटरच्या पुढे, केबलच्या टोकाला होता. मग आम्ही इलेक्ट्रोडकडे वळलो. आधी दुरुस्ती, नंतर काचेचा फुगा फुंकणं आणि आता संपूर्ण संयुक्त इलेक्ट्रोड, असा तो प्रवास आहे.

काचेचा इलेक्ट्रोड म्हणजे खास काचेचा पातळ फुगा. आत साधारण ७ पीएचचं, क्लोराइड असलेलं बफर आणि त्यात सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार. बाहेरची बाजू पाण्यात मुरली की काचेवर एक अतिशय पातळ ओलसर थर तयार होतो. त्या थरातल्या जागांवर द्रावणातले हायड्रोजन आयन येत-जात राहतात आणि त्यातून काचेच्या पृष्ठभागाला विभव मिळतो. हायड्रोजन आयन काचेतून आरपार जात नाहीत. काचेच्या पोटात विद्युतभार सोडियम किंवा लिथियमचे आयन थोडेथोडे सरकून वाहतात. म्हणूनच या फुग्याचा रोध शेकडो मेगाओहम असू शकतो. १०० मेगाओहमच्या फुग्यातून मीटरने एक नॅनोअँपिअर जरी ओढला, तरी १०० मिलिव्होल्टची चूक होते, म्हणजे जवळजवळ १.७ पीएच. १९३४ साली अर्नोल्ड बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर जोडून मीटर बनवलं, ते याच अडचणीवरचं उत्तर होतं.

पण एकट्या फुग्याचा विभव मोजता येत नाही. मोजला जातो तो फरक, फुगा आणि संदर्भ इलेक्ट्रोड यांच्यातला; संयुक्त इलेक्ट्रोडमध्ये हे दोन्ही एकाच नळीत असतात:

```
E = E(काच) - E(संदर्भ) + E(संधी)
E(काच) = स्थिरांक - (2.303RT/F) x pH
```

२५ अंश सेल्सिअसला कंसातली राशी ५९.१६ मिलिव्होल्ट येते. पीएच एकाने वाढला की काचेचा विभव तेवढ्याने उतरतो. संदर्भ इलेक्ट्रोडने मात्र द्रावण कोणतंही असो, जागचं हलायचं नाही. त्यासाठी सिल्व्हर क्लोराइडची तार ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवतात आणि ते द्रावण सच्छिद्र सिरॅमिकच्या बारीक संधीतून नमुन्यात अगदी सावकाश झिरपत राहतं. पोटॅशियम आणि क्लोराइड हे आयन जवळजवळ सारख्याच वेगाने सरकतात, त्यामुळे संधीवरचा विभव लहान राहतो.

आमच्या कामाला खरं वळण लागलं ते एका किण्वनाच्या टाकीमुळे. ग्राहकाची तक्रार अशी होती: सकाळी कॅलिब्रेशन व्यवस्थित होतं, पण पाळी संपेपर्यंत आकडा वर चढत जातो. बाहेर काढलेल्या नमुन्याचा पीएच तेवढा वाढलेला नसतो, तरी नियंत्रक आकड्यावर विश्वास ठेवून आम्ल सोडत राहतो. त्यांनी फुगा पुन्हापुन्हा धुतला, दोन इलेक्ट्रोड टाकूनही दिले. शेवटी मीटर कॅलिब्रेशनच नाकारू लागलं, तेव्हा तिसरा आमच्याकडे आला.

आम्ही पीएचचा आकडा बाजूला ठेवून मिलिव्होल्ट वाचले. ७ च्या बफरमध्ये उणे ३६, ४ च्या बफरमध्ये अधिक १३८. फरक १७४, म्हणजे प्रत्येक पीएचला ५८ मिलिव्होल्ट, सैद्धांतिक स्लोपच्या ९८ टक्के. याचा अर्थ फुगा निरोगी होता. फुगा म्हातारा झाला किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली, तर स्लोप घटतो. इथे स्लोप शाबूत राहून दोन्ही वाचनं मिळून ३६ मिलिव्होल्टने खाली सरकली होती. काचेचा फुगा असमानतेमुळे थोडा ऑफसेट देतोच, पण तो पाळीगणिक असा वाढत जात नाही. म्हणून आम्हाला संशय आला तो संदर्भाचा.

तपासायला सोपं होतं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या बीकरमध्ये हा इलेक्ट्रोड आणि ताजा भरलेला दुसरा संदर्भ इलेक्ट्रोड शेजारीशेजारी ठेवले. केबलच्या बाहेरच्या कड्यापासून, जिथे संदर्भाची तार येते, ताज्या संदर्भापर्यंत साध्या मल्टिमीटरने मोजलं. संदर्भाचा रोध कमी असल्याने इथे साधं मल्टिमीटर चालतं. दोन चांगल्या संदर्भांमध्ये फार तर काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत. आमचा संशयित ३५ ने वर होता.

सिल्व्हर क्लोराइडच्या तारेचा विभव क्लोराइडच्या सक्रियतेवर, म्हणजे त्याच्या प्रभावी संहतीवर ठरतो. ती दहापट घटली की विभव ५९ मिलिव्होल्टने वाढतो, आणि चौपट घटली की साधारण ३५ ने. म्हणजे आतलं ३ मोलरचं द्रावण पाऊण मोलरच्या आसपास आलं होतं. बाहेर काढलेल्या द्रावणाच्या वाहकतेनेही तेच सांगितलं. टाकीतला दाब इलेक्ट्रोडच्या आतल्या दाबापेक्षा जास्त होता. द्रावण बाहेर झिरपण्याऐवजी टाकीतला रस संधीतून आत शिरत होता. संदर्भ वर चढला की फरक खाली येतो आणि मीटरला पीएच वाढल्यासारखा वाटतो: ३६ भागिले ५८, म्हणजे ०.६. रोजचं कॅलिब्रेशन तोवर साचलेला ऑफसेट निमूटपणे पोटात घेत होतं, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसायचं.

आतलं द्रावण काढून ताज्या द्रावणाने काही वेळा खळबळून पुन्हा भरलं. ७ च्या बफरमध्ये वाचन शून्याजवळ आलं. फेकून द्यायला निघालेला इलेक्ट्रोड कामाला लागला, आणि त्या टाकीसाठी आम्ही संदर्भाच्या बाजूने टाकीपेक्षा जास्त दाब ठेवणारी रचना करून दिली. तेव्हापासून आमचा प्रत्येक इलेक्ट्रोड मिलिव्होल्टच्या पत्रकासह जातो. त्यात ७ चं वाचन, ४ चं वाचन आणि ताज्या संदर्भाशी असलेला फरक असतो. ग्राहकाने हे तीन आकडे लिहून ठेवले, तर दुखणं कोणत्या अर्ध्यात आहे ते तो स्वतःच ओळखतो. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवा, आणि भरण्याच्या द्रावणाची पातळी नमुन्याच्या वर राहू द्या, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

आणखी एक प्रश्न वारंवार येतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच नेमका १ यायला हवा, तुमचा इलेक्ट्रोड १.१ का दाखवतो? इलेक्ट्रोड बरोबर आहे. काच आयन मोजत बसत नाही. ती त्यांच्या सक्रियतेला प्रतिसाद देते, आणि आजूबाजूच्या आयनांच्या गर्दीत हायड्रोजन आयनाची सक्रियता संहतीच्या सुमारे ८० टक्केच उरते. ०.०८ चा लॉग घेऊन चिन्ह बदललं की १.१ येतो. आम्ल तेवढंच ठेवून मीठ घातलं तरी आकडा बदलू शकतो, तो याच कारणाने.

एकट्या आयनाची सक्रियता स्वतंत्रपणे मोजण्याची सोयच नाही, म्हणून सारा भार प्रमाण बफरांवर असतो. बफरमध्ये आणि नमुन्यात संधीचा विभव सारखाच राहील, असं गृहीत धरून आपण तुलना करतो. बॉयलरच्या अतिशुद्ध पाण्यात हे गृहीतक डळमळतं. तिथे आयनच कमी, संधीचा विभव स्थिर होत नाही आणि आकडा तरंगत राहतो. अशा पाण्यासाठी आम्ही जास्त झिरपणारी संधी देतो, बंद नळीतून वाहत्या पाण्यात मोजायला सांगतो आणि दुसऱ्या दशांशाची हमी देत नाही.