सहापट

शुक्रवार, रात्री

परवा निफाडच्या चर्चासत्रात चहाच्या टेबलापाशी पिंपळगावचा तो, माझ्यासारखाच द्राक्षबागेचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकणारा, स्वतःहून येऊन भेटला. म्हणाला, "ताई, तुमचा डिपिंगचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. जीएचं प्रमाण तुमच्याइतकं नीट कुणी सांगितलेलं नाही." मी "थँक्यू" म्हटलं आणि पाणी प्यायला उठले. तिथं उभंच राहवेना. आदल्याच रविवारी बागायतदारांच्या ग्रुपवर मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं, "एवढे व्ह्यूज आणि एवढेसे लाईक? विकत घेतलेले दिसतात." दीडशे माणसांच्या ग्रुपवर. तोही आहे त्यात. वाचलं असेल का? वाचूनही असा बोलला असेल तर जास्तच वाईट.

दोन रात्री झोप लागली नाही म्हणून आज हिशोब नीट मांडायला बसले.

रविवारचा हिशोब असा होता. त्याच्या चॅनलचे एकूण व्ह्यूज २.९ कोटी, व्हिडिओ ३४०. भागाकार केला, एका व्हिडिओला साधारण ८५ हजार. माझे ३१ लाख, व्हिडिओ २१४, म्हणजे साडेचौदा हजार. जवळजवळ सहापट. पोटात गोळाच आला. तीन वर्षं भर उन्हात प्लॉटमध्ये उभं राहायचं, आप्पांची बोलणी खायची, रात्री दोनपर्यंत एडिटिंग करायचं, आणि कुणीतरी सहापट पुढं. नंदू म्हणाला होता, "सोड गं, आकडेच ते." नाही सोडलं. सोडायला हवं होतं की आणखी खोलात जायला हवं होतं, ते मात्र आज कळलं.

आज पहिल्यांदा त्याच्या चॅनलवर Videos आणि Shorts हे टॅब वेगवेगळे उघडले. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. Popular लावलं तर शॉर्ट्समधल्या वरच्या आठांची बेरीजच दोन कोटींच्या पुढं जाते. एकट्या थिनिंगच्या शॉर्टला ६१ लाख. म्हणजे माझा ८५ हजारांचा आकडा त्याच्या कुठल्याच व्हिडिओचा नव्हता. आठ शॉर्ट्सचं पाणी तीनशे चाळीस व्हिडिओंवर शिंपडलं होतं मी.

मग लाईकचं काय? ज्यावरून आरोप केला ते. त्या ६१ लाखांना ३८ हजार लाईक, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. माझ्या लांब व्हिडिओंना शेकडा पाच पडतात. रविवारी हेच समोर धरून मी निकाल देऊन टाकला. आज माझाच एक शॉर्ट काढला, घड कसा धरायचा तो. ४० हजार व्ह्यूज, २६० लाईक. शेकडा भाग काढला आणि बघतच बसले. त्याच्याइतकाच! आणि मी तर एक रुपया कुणाला दिलेला नाही.

कारणही साधं आहे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतं, परत फिरून सुरू झाला तर तोही. किती वेळ पाहिला याची अटच नाही. माझ्या त्या ४० हजारांतले Engaged views, म्हणजे थांबून पाहिलेले, फक्त २२ हजार आहेत, पण ते मला माझ्या यूट्यूब स्टुडिओत दिसतं. त्याचे मला कधीच दिसणार नाहीत. जाहिरात लावून आलेले व्ह्यूजही त्याच आकड्यात मिसळतात आणि ती काही लबाडी नव्हे. बाहेरून यातलं काहीच वेगळं काढता येत नाही. आणि मी "विकत घेतलेले" असं लिहून मोकळी झाले.

मग फक्त लांब व्हिडिओ घेतले. फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. महिन्याच्या आतले सोडून दोघांचेही शेवटचे वीस. प्रत्येक व्हिडिओ उघडून पूर्ण आकडा लिहिला, कारण टॅबवर तो कापून दाखवतात. चढत्या क्रमानं लावले आणि दहावा-अकरावा यांच्या मधला धरला. सरासरी नाही काढली. एखादा व्हिडिओ अचानक उचलला गेला की ती त्याच्यामागं पळते. त्याचा मधला आकडा ११,८००. माझा ८,९००. सहापट कुठली, दीडपटसुद्धा नाही.

खरं सांगते, इथं खूप बरं वाटलं. वही मिटून टाकावी असं वाटलं.

पण तारखा बघितल्या. तो दर आठवड्याला टाकतो, त्याचे वीस पाच महिन्यांतले. मी पंधरा दिवसांनी टाकते, माझे वीस दहा महिन्यांतले. माझ्या व्हिडिओंना व्ह्यूज गोळा करायला जास्त दिवस मिळालेत. तेवढेच दिवस त्याला मिळाले असते तर ११,८०० कुठं गेले असते? पानावर तर आजचा आकडा दिसतो, आठव्या दिवशी किती होता ते कुणी सांगणार नाही. म्हणजे आत्ताचा हिशोब माझ्या बाजूनं झुकलेला आहे. त्याच्यावर अन्याय होत होता तेव्हा मला दिसला नाही, आणि आता हिशोब माझ्या बाजूनं झुकला तर मी वहीच मिटायला निघाले होते.

गेल्या वर्षीचा फळछाटणीचा व्हिडिओ तर उगाच मनाला लावून घेतला होता. विषय तोच, त्याचा माझ्या चौपट चालला. त्यानं टाकला २८ सप्टेंबरला, लोक कात्री हातात घेऊन बसलेले असताना. माझा आला २० ऑक्टोबरला, कारण आप्पांचा प्लॉटच उशिरा धरला होता. तोवर निम्म्या तालुक्यात पेस्ट लावून डोळे फुगायला लागले होते. तेव्हा छाटणीचा व्हिडिओ कोण शोधणार? त्यावरून तो चांगला शिकवतो की मी, काहीच ठरत नाही. आप्पांना हे सांगणार नाही.

सबस्क्रायबरचंही तसंच. "त्याचे तीन आठवडे हललेच नाहीत," असं मी वहिनीला मोठ्या समाधानानं सांगितलं होतं. १.८६ लाख दिसतात ते १.८७ होईपर्यंत तसेच दिसणार, मधले हजार बाहेर दिसतच नाहीत. माझे मी स्टुडिओत एकेक मोजत होते. निदान दोघांचेही बाहेरून दिसणारेच धरायला हवे होते, आणि आठवड्याचे नाही, तीन-चार महिन्यांचे.

चहाच्या टेबलावर तो आणखी एक वाक्य बोलला होता. "त्या थिनिंगच्या शॉर्टनं फोन लय येतात ताई, पण बाग असलेला त्यात क्वचित." तेव्हा मला ते कानाआड करायचं होतं. आता वाटतं, मी दोन तास आकडे मांडून जे शोधत होते ते त्यानं उभ्या उभ्या सांगितलं होतं.

नवीन पान आखलंय. या छाटणीपासून दोघांच्याही प्रत्येक लांब व्हिडिओचा सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचा आकडा त्याच दिवशी लिहायचा. शेजारी विषय, टाकल्याची तारीख आणि बागा कुठल्या अवस्थेत आहेत ते.

ग्रुपवरचा तो मेसेज आता पुसता येत नाही, वेळ टळून गेली. म्हणून खाली नवा लिहिला. व्ह्यूज विकत घेतल्याचं मी म्हटलं ते चूक होतं, माझ्याच शॉर्टला लाईकचं प्रमाण तेवढंच आहे, दादांची माफी मागते. दोन्ही आकडे दिले. पाठवताना हात थरथरत होते. त्याचा अजून काही निरोप नाही.

ओझरच्या काकांनी मात्र लगेच विचारलं, "मग पुढं कोण, तो का तू?"

लिहिलं, "काका, लांब व्हिडिओत तोच पुढं आहे. किती, ते छाटणी उरकली की सांगते."