घनमीटरभर मराठी

पुस्तकं किती आहेत असं सामान हलवणाऱ्याने विचारलं, तर आकडा सांगून काही उपयोग नसतो. त्याला खोकी किती हे हवं असतं, आणि खोक्यांचा अंदाज पुस्तकं मोजून नव्हे, फळ्या मोजून येतो. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं, पातळ बांधणीचं मराठी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. अशी पुस्तकं एक फूट फळीवर अठरा-वीस मावतात आणि त्यांचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं. हे मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी नुसती आणि मग एक फूट पुस्तकं कवटाळून उभी राहून काढलं. सासूबाई दारातून बघत होत्या. "वजन तुझं वाढलंय, पुस्तकांच्या नावावर खपवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

पार्ल्याच्या घरातली सगळी कपाटं, माळा आणि पलंगाखालचा खण धरून एकशेतीस फूट झाले. म्हणजे पावणेआठशे किलो. नवऱ्याची हॅम्बुर्गला बदली झाली होती, त्याच्या कंपनीने विमानाची तिकिटं दिली होती आणि सामानाबद्दल सोयीस्कर मौन पाळलं होतं. तेव्हा हे पावणेआठशे किलो आमचे आम्हीच न्यायचे होते.

पहिल्यांदा सगळे विमानाचा दर विचारतात, तसा मीही विचारला आणि फोन ठेवून दिला. पण तो दर एवढा का, हे कळल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. हवाई कुरियरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकाराचं: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजाराने भागायची. दोन्हींतलं जे जास्त, त्याचे पैसे. उशा पाठवल्या तर आकारात मार बसतो, पुस्तकं पाठवली तर काट्यावर. अठरा बाय बारा बाय बारा इंचांचं खोकं घ्या. आकाराच्या हिशेबाने ते साडेआठ किलोचं ठरतं, पुस्तकं भरून काट्यावर ठेवलं की बावीस भरतं. पैसे बावीसचे.

बोटीचं गणित उलटं. कंटेनरमध्ये इतरांच्या सामानाबरोबर आपलं थोडंसं सामान जातं, तेव्हा भाडं घनमीटरवर लागतं किंवा टनावर, जे जास्त होईल त्यावर. एक घनमीटर बरोबर एक टन असा त्यांचा हिशेब. लोखंडी सुटे भाग पाठवणाऱ्याला टनाचे पैसे पडतात. पुस्तकं कितीही जड वाटली तरी खोक्यात भरलेल्या पुस्तकांचं एक घनमीटर जेमतेम अर्ध्या टनाचं असतं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ज्या वजनाने हमालांचे खांदे मोडतात, ते न्हावाशेवाला पोचलं की कुणी विचारतच नाही. तिथे फक्त जागा मोजतात.

आता त्या अठरा बाय बारा बाय बाराच्या खोक्यांचं बघू. एका घनमीटरमध्ये ती तेवीस-चोवीस बसतात. एका खोक्यात पुस्तकं, मधल्या फटी आणि कोपऱ्यातला कागद धरून साधारण पावणेचार फूट फळी रिकामी होते. माझ्या एकशेतीस फुटांची पस्तीस खोकी, म्हणजे दीड घनमीटर. पण असं सामान घेणारे सहसा किमान एका घनमीटरचे पैसे लावतात. तुम्ही अर्धा घनमीटर दिलात तरी एकाचे. त्यामुळे 'हे एक पुस्तक न्यावं की ठेवावं' असा एकेका पुस्तकावर बसून रडण्यात अर्थ नव्हता. चाळीस फूट काढले की एका घनमीटरवर येणार, आणि त्याखाली कितीही काढलं तरी एक रुपया वाचणार नाही. मला हे फार आवडलं. नव्वद फुटांपर्यंत मन घट्ट करायचं, पुढे खुशाल हळवं व्हायचं.

दराबद्दल एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्यावी. एका माणसाने इतका स्वस्त दर सांगितला की मला त्याच्याबद्दल काळजी वाटली. तो दर बंदर ते बंदर होता. हॅम्बुर्गला उतरल्यावर कंटेनर रिकामा करण्याचे, बंदरातल्या हाताळणीचे, कागद सोडवण्याचे आणि जकातीचं काम करणाऱ्या एजंटचे पैसे तिकडे युरोमध्ये, आणि तेही घनमीटरवर. सामान त्यांच्या गोदामात, आपण त्यांच्या दारात, अशा वेळी घासाघीस करता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांचा खर्च एकाच कागदावर लिहून मागावा. दुसऱ्याने दार ते दार असा जो दर दिला तो आधी महाग दिसला आणि बेरजेनंतर स्वस्त निघाला.

खोकी बांधायला आलेल्या मुकादमाने पहिल्या पाच मिनिटांत माझी मोठी खोकी बाजूला सारली. "वहिनी, पुस्तकं आणि लाद्या आम्ही एकच धरतो. मोठं खोकं भराल, पण उचलणार कोण? आणि उचललं की बूड सुटणार." पाच पदरी पुठ्ठा, लहान खोकं, तळाच्या जोडावर दोनदा टेप आणि मग आडव्या कडांवरही. मोठी, जड पुस्तकं तळाशी आडवी. बाकीची उभी चालतात, पण पाठीचा कणा खाली करून. पानांची मोकळी बाजू खाली ठेवली तर पानांचा सगळा गठ्ठा बांधणीला लटकतो आणि दोन महिन्यांत पुस्तक पुठ्ठ्यातून सुटतं. फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे नाहीत, शाई लागते; कोरा कागद घ्यायचा. आणि खोकं हलवल्यावर आत खडखडलं तर ते भरलेलं नाही, असं तो म्हणाला. मग मी प्रत्येक खोकं हलवून बघायला लागले, आणि त्याने मला चहा करायला पाठवलं.

खरा शत्रू वजन नाही, ओल आहे. मुंबईच्या दमट हवेत वाढलेला कागद आधीच पाणी पिऊन बसलेला असतो. तो बंद कंटेनरमध्ये उन्हात तापतो, पाणी हवेत सोडतो. पुढे थंड समुद्रात कंटेनरचा पत्रा गार पडला की तेच पाणी छताला धरतं आणि खाली ठिबकतं. 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्याने प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडते. ओलीला तेवढे दिवस जास्त. म्हणून जुलैत पुस्तकं बांधूच नयेत. आम्ही फेब्रुवारीत बांधली. त्याआधी आठवडाभर कपाटांची दारं उघडी ठेवून पंखा लावला, प्रत्येक खोक्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी आणि ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. ज्या पुस्तकाला कुबट वास येत होता किंवा कसरीने कडा कुरतडल्या होत्या, ते इतरांबरोबर ठेवलं नाही. एक बुरशीचं पुस्तक दोन महिन्यांत शेजाऱ्यांनाही लावतं. लाकडी पेटी वापरायची असेल तर त्या लाकडावर उष्णता देऊन कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. काकांनी प्रेमाने देऊ केलेल्या सागवानी पेट्या त्यामुळे नाकारता आल्या.

राहिले चाळीस फूट. त्यातले पंधरा दिवाळी अंकांचे होते. जुन्या अंकांचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, आम्लामुळे पिवळा पडलेला. कोपरा दुमडला तर दुमडलेला तुकडा हातात येतो. तो बोटीतून नेणं म्हणजे भाडं भरून भुगा पाठवणं. कथा हवी होती तिथे ती पानं स्कॅन केली, अंक मागे ठेवले. विश्वकोशाचे जाडजूड खंड सोडताना हात जड झाला नाही, कारण तो मजकूर जालावर मोफत आहे. प्रवासवर्णनांतली अर्धी गेली. नवऱ्याची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळीच गेली. तो परीक्षा एकदाच नापास झाला होता, पुस्तकं पंधरा वर्षं ठेवली होती.

देण्याची जागा शोधणं हे सोडण्यापेक्षा कठीण. वाचनालयं आधी यादी मागतात आणि त्यातली पाचदहा निवडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सगळ्या पार्ल्याने माळे रिकामे करायला घेतले तर त्यांनी ती ठेवायची कुठे? रद्दीवाल्याने तर काटा काढायच्या आधीच सांगितलं, "ताई, पेपरला भाव जास्त मिळतो, पुस्तकाला कमी. पुठ्ठे फाडायला लागतात." मग खाली गेटपाशी टेबल मांडून पुस्तकं ठेवली. तीन दिवसांत पाककृती, ज्योतिष आणि इंग्रजी रहस्यकथा संपल्या. कवितासंग्रहांना वॉचमननेही हात लावला नाही. ते परत वर आले आणि नव्वद फुटांत घुसले.

एक गोष्ट मात्र नव्वद फुटांत बसत असूनही आली नाही. आजेसासऱ्यांच्या घरातली हस्तलिखित पोथी, लाल कापडातली. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पंच्याहत्तर वर्षं जुनं, साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित पुरावस्तू धरलं जातं आणि कुणाही खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. घरातलं असलं, आपल्याच पणज्याने लिहिलेलं असलं तरीही. सासूबाईंना मी हे जरा भीत भीत सांगितलं. "मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. पोथी पेणला मोठ्या दिरांकडे गेली. ती मागायला आलेल्या चुलत नणंदेलाही हाच कायदा सांगितला. ती गोरेगावला राहते, पण तिने वाद घातला नाही.

शेवटचं काम यादीचं. राहती जागा बदलून येणाऱ्याचं वापरलेलं सामान युरोपात कर न भरता नेता येतं, पण ते किमान सहा महिने वापरातलं असावं लागतं. त्यामुळे निरोप समारंभात मैत्रिणींनी दिलेली करकरीत पुस्तकं मी विमानाच्या बॅगेत टाकली. यादीत प्रत्येक खोक्याचा क्रमांक, आत काय आणि किंमत लिहायची. विम्यासाठीही तीच किंमत. विमेवाल्याने आधीच स्पष्ट केलं होतं की घरच्यांनी भरलेल्या खोक्यात आतलं काही खराब झालं तर ते देणार नाहीत, खोकंच्या खोकं हरवलं तरच देतील. म्हणून मुकादमाने सगळ्या खोक्यांवर स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

किंमतीच्या रकान्यात काय लिहावं, यावर आम्ही दोघं अर्धा तास बसलो. मागे छापलेली किंमत लिहावी तर काहींवर चार रुपये आहे. आजच्या आवृत्तीची लिहावी तर ती आवृत्ती निघालेलीच नाही. शेवटी सरसकट पुस्तकामागे शंभर रुपये धरले. नवऱ्याने बेरीज केली, भाड्याचा कागद शेजारी ठेवला आणि दोन्ही आकड्यांकडे बघून म्हणाला, "भाडं थोडं कमी आहे. थोडंच." मी कविता परत मोजून पाहिल्या आणि दीडशे लिहायला सांगितले.