सहा सायकलफेऱ्या आणि शून्य चूक: लेखी परीक्षेच्या तयारीची नोंद, आठवडा तिसरा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ओव्हरफिटिंगची, म्हणजे मॉडेलने शिकवलेला डेटा पाठ करून नव्या डेटावर चुकण्याची, व्याख्या पाठ आहे, पण उदाहरण कागदावर सोडवायला घेतलं की हात अडखळतो. हा आठवडा त्यातच गेला. मशीन लर्निंगच्या लेखी परीक्षेत लॅपटॉप नसतो, म्हणून ठरवलं की डेटा इतका छोटा घ्यायचा की सगळं पेनानेच करता येईल.

डेटा माझ्याच सायकलीचा आहे. कर्वे पुतळ्यापासून नळस्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रस्ता करत शिवाजीनगरला जाते. घरून किती वाजता निघाले आणि किती मिनिटं लागली, एवढंच लिहून ठेवते. त्यातल्या सहा फेऱ्या निवडल्या:

८:०० ला निघाले, १८ मिनिटं
८:०८, २४ मिनिटं
८:२०, २२ मिनिटं
८:२८, ३० मिनिटं
८:४०, २८ मिनिटं
८:४८, ३४ मिनिटं

उशीर होईल तशी गर्दी वाढते, हा यातला खरा कल. त्यावर चार-पाच मिनिटांची वरखाली आहे, ती सिग्नल लागला की सुटला याची. मॉडेलने कल शिकावा, सिग्नल शिकू नये.

मॉडेल म्हणून केएनएन घेतलं, कारण त्यात समीकरण सोडवावं लागत नाही. निघण्याची वेळ सांगितली की जुन्या फेऱ्यांपैकी वेळेने सर्वांत जवळच्या k फेऱ्या शोधायच्या आणि त्यांच्या मिनिटांची सरासरी हे उत्तर. चूक मोजायला मीन स्क्वेअर्ड एरर, म्हणजे प्रत्येक फरकाचा वर्ग आणि त्या वर्गांची सरासरी.

आधी ज्या सहा फेऱ्या शिकवल्या त्यांच्यावरच मोजलं. k = १ असताना प्रत्येक फेरीची सर्वांत जवळची फेरी ती स्वतःच असते. चूक शून्य. k = २ ला चूक ११.३३. k = ६ म्हणजे कायम सरासरी २६ मिनिटं सांगायची, तिथे चूक २८. या आकड्यांवर गेलं तर k = १ सर्वांत चांगलं ठरतं. पण ते शून्य शिकण्यातून आलेलं नाही, मॉडेलने वही समोर ठेवून उत्तर वाचलं आहे.

मग दोन फेऱ्या बाजूला काढून उरलेल्या चारवर शिकवलं. ट्रेन टेस्ट स्प्लिट एवढंच असतं, पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते इथल्या आकड्यांनी. ८:०० आणि ८:४८ टेस्टला ठेवल्या तर k = १ ची चूक ३६ येते: पहिलीसाठी ते २४ सांगतं, शेवटचीसाठी २८, दोन्हीकडे सहा मिनिटं चुकतं. त्याऐवजी ८:२० आणि ८:२८ टेस्टला ठेवल्या, तर पहिलीला जवळची ८:०८ (२४ मिनिटं) आणि दुसरीला जवळची ८:४० (२८ मिनिटं). दोन्ही ठिकाणी दोनच मिनिटं चुकतात, चूक ४. मॉडेल तेच, डेटा तोच, आणि उत्तर एकदा ३६, एकदा ४. सहातून दोन निवडायचे १५ मार्ग आहेत, त्यातला कुठला वाट्याला येईल यावर निकाल ठरतो. छोट्या डेटावर एकाच स्प्लिटवर विसंबू नये याचं कारण विचारलं, तर हे दोन आकडे लिहायचे असं मी ठरवलं आहे.

क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये प्रत्येक फेरीला टेस्टमध्ये बसायची पाळी येते. सहा फेऱ्यांचे सहा भाग केले, म्हणजे लीव्ह वन आऊट. एक फेरी झाकायची, उरलेल्या पाचवरून तिचा अंदाज करायचा, आणि हे सहा वेळा.

k = १ साठी सोपं आहे. ८:०० झाकली की जवळची ८:०८, सहाने चूक. ८:०८ झाकली की जवळची ८:००, पुन्हा सहा. मधल्या जोडीत आठ-आठ, शेवटच्या जोडीत सहा-सहा. वर्गांची बेरीज ३६ + ३६ + ६४ + ६४ + ३६ + ३६ = २७२, भागिले ६ म्हणजे ४५.३३.

k = २ साठी प्रत्येक ओळ लिहून काढावी लागते. उदाहरणार्थ ८:२० झाकली: जवळच्या दोन ८:२८ (३०) आणि ८:०८ (२४), सरासरी २७, खरी २२, चूक ५. सहाही ओळींच्या चुका क्रमाने ५, ४, ५, ५, ४, ५ येतात. वर्गांची बेरीज १३२, सरासरी २२.

उरलेल्या पाचही फेऱ्यांची सरासरी सांगणाऱ्या मॉडेलची चूक ४०.३२.

आता दोन रांगा शेजारी ठेवून बघा. शिकवलेल्या डेटावर ०, ११.३३, २८. झाकलेल्या फेऱ्यांवर ४५.३३, २२, ४०.३२. पहिल्या रांगेत जे सर्वांत चांगलं, ते दुसऱ्या रांगेत सर्वांत वाईट आहे. वेळेकडे न बघता नुसती सरासरी सांगणाऱ्यापेक्षाही वाईट. दोन रांगांमधली ही दरी म्हणजे ओव्हरफिटिंग. तिसऱ्या मॉडेलची चूक दोन्हीकडे मोठी आहे, ते अंडरफिटिंग. परीक्षेत कुठलं मॉडेल कोणत्या आजाराचं हे ओळखायला सांगतात, तेव्हा एकटा टेस्टचा आकडा पुरत नाही, दोन्ही लागतात.

रविवारी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर आमचा गट जमला. संगणकावर शेवटचे तीन आठवडे सोडून बाकी सगळ्या फेऱ्या घालून मी लीव्ह वन आऊट चालवलं होतं, आणि k = १ ची चूक जवळजवळ शून्य आली होती. हाताने केलेल्याच्या अगदी उलट. गटातले एक काका, संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी फाईल बघून एकच प्रश्न विचारला, "अगं, एका फेरीच्या ओळी किती आहेत?"

दोन होत्या. फोन आणि घड्याळ, दोन्हींनी तीच फेरी नोंदवलेली. एक ओळ झाकली तरी तिची जुळी ट्रेनमध्ये उघडी बसलेली, आणि k = १ तिलाच गाठत होतं. म्हणजे क्रॉस व्हॅलिडेशन करूनही ओव्हरफिटिंग लपून राहू शकतं, जर झाकलेल्या ओळीचं उत्तर दुसरीकडून आत येत असेल. याला लीकेज म्हणतात. ओळखायची खूण: चूक सिग्नलच्या स्वाभाविक वरखालीपेक्षाही कमी येते. चार-पाच मिनिटांचा गोंधळ असलेल्या रस्त्यावर कुणी सेकंदापर्यंत अचूक अंदाज करू लागलं की फाईलच तपासायची. उपाय म्हणून एका फेरीच्या सगळ्या ओळी एकाच भागात ठेवल्या:

```python
cross_val_score(model, X, y, groups=ride_id,
                cv=GroupKFold(n_splits=5),
                scoring="neg_mean_squared_error")
```

यानंतर k = १ पुन्हा शेवटच्या नंबरावर गेलं. (या फंक्शनचे आकडे उणे येतात, कारण तिथे मोठा आकडा चांगला मानतात. घाबरू नका.)

काकांनी निघताना आणखी एक गोष्ट समजावली, ती उत्तरपत्रिकेत गुण कापणारी आहे. वरचा २२ हा आकडा वापरूनच मी k = २ निवडलं. मग तोच २२ "नव्या फेऱ्यांवर एवढी चूक होईल" म्हणून लिहायचा नाही. तीन उमेदवारांतला सर्वांत लहान आकडा उचलला, तेव्हा त्यात थोडं नशीबही उचललं गेलं, त्यामुळे तो जरा आशावादीच असतो. निवड क्रॉस व्हॅलिडेशनने करायची आणि अंतिम आकडा निवडीत कधीच न वापरलेल्या टेस्ट सेटवरून द्यायचा.

मला अंदाज पुढच्या फेऱ्यांचा हवा आहे, म्हणून तो सेट चिठ्ठ्या टाकून काढला नाही. शेवटच्या तीन आठवड्यांच्या फेऱ्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या आहेत आणि k पक्का होईपर्यंत ती उघडणार नाही. पुढच्या नोंदीत तिचा एकच आकडा असेल.