रिकामी खुर्ची पुरत नाही

"सर, अर्धवाहकातला होल म्हणजे इलेक्ट्रॉनची नुसती रिकामी जागा. धावतो तर इलेक्ट्रॉनच ना? मग त्याला धन प्रभार काऊन म्हणायचं?"

धावतात इलेक्ट्रॉनच, हे मान्य. घोळ खुर्च्यांच्या उदाहरणाने केला आहे. वसंतराव देशपांडे सभागृहातली एक रांग धरा, मधली एक खुर्ची रिकामी. माणसं एकेक जागा डावीकडे सरकतात आणि रिकामी खुर्ची उजवीकडे जाते. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. प्रवाहाची दिशा त्यातून बरोबर येते, म्हणून कोणी हटकत नाही. पण प्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज येतो, त्या हॉल परिणामाच्या प्रयोगात हे उदाहरण चुकीचं उत्तर देतं, आणि ते थोडंथोडकं चुकत नाही, चिन्हच उलटं येतं.

टेबलावर पी-टाइप, म्हणजे होल जास्त असलेल्या जर्मेनियमची पट्टी आहे, जाडी t = 0.5 मिमी. तिच्यातून डावीकडून उजवीकडे 4 मिलिअँपिअर प्रवाह सोडा. चुंबकीय क्षेत्र 0.2 टेस्ला, टेबलातून सरळ वर. चुंबकीय बलाची दिशा प्रवाहाच्या दिशेवर ठरते, वाहकाच्या चिन्हावर नाही. ऋण प्रभार डावीकडे धावो की धन प्रभार उजवीकडे, दोघांनाही बल आपल्या बाजूच्या कडेकडेच ढकलतं.

आता खुर्च्यांचं उदाहरण लावून बघा. सरकतात ते इलेक्ट्रॉन, बल त्यांना आपल्याकडे रेटतं, म्हणजे आपल्याकडची कड ऋण व्हायला हवी. मीटर ती धन दाखवतो. होलची संख्या p दर घनसेंटिमीटरला 4×10¹⁴ असेल, तर V = IB/(pet) या सूत्राने सुमारे 25 मिलिव्होल्ट येतात.

इथे बरेच जण तारा उलट लागल्या असतील म्हणून सोडून देतात. शंका रास्त आहे, तेव्हा ती आधी फेडा. त्याच जोडणीत एन-टाइप, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेली पट्टी लावा. चिन्ह उलटलं पाहिजे. शिवाय हॉलचे दोन स्पर्शबिंदू अगदी समोरासमोर नसतात, त्यामुळे चुंबक बंद असतानाही थोडा व्होल्टेज दिसतो. क्षेत्राची दिशा उलटवून दोन वाचनं घ्या आणि त्यांच्या फरकाचं निम्मं धरा. इतकं करूनही पी-टाइपची आपल्याकडची कड धनच राहते.

म्हणजे बल आपल्याकडे असूनही व्हॅलन्स बँडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी जवळपास भरलेल्या ऊर्जापट्ट्याच्या, माथ्याजवळचे इलेक्ट्रॉन पलीकडे वळतात. कारण तिथे त्यांचं प्रभावी वस्तुमान ऋण आहे. m* = ħ²/(d²E/dk²), इथे E इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि k त्याची तरंगसंख्या; बँडच्या माथ्यावर E चा वक्र खाली झुकतो, म्हणून हे मूल्य शून्याखाली जातं. इलेक्ट्रॉनचं स्वतःचं वस्तुमान बदलत नाही. आपण हिशेबात फक्त बाहेरचं बल धरतो, पण स्फटिकाची जाळीही त्याला ढकलत असते. माथ्याजवळ जाळीचा उलटा रेटा बाहेरच्या बलावर मात करतो, आणि तो सगळा रेटा आपण m* मध्ये कोंबलेला असतो.

आता रिकामी जागा. पूर्ण भरलेल्या बँडमध्ये प्रत्येक वेगाला उलटा जोडीदार असतो, म्हणून बेरीज शून्य. v वेगाची एक जागा रिकामी केली की उरलेल्यांची बेरीज −v, आणि प्रभार −e असल्यामुळे प्रवाह +ev. ती जागा मात्र शेजारच्या इलेक्ट्रॉनांबरोबरच वाहते, त्यांच्या उलट नाही. k च्या रांगेत सगळे एकाच गतीने पुढे सरकतात आणि रिकामी जागाही त्यांच्यातच चालते. खुर्च्यांच्या उदाहरणात नेमकं हेच उलटं आहे. −e प्रभारावरचं बल भागिले ऋण वस्तुमान, म्हणजेच +e प्रभारावरचं बल भागिले धन वस्तुमान. 1929 साली रुडॉल्फ पायर्ल्सने काही धातूंच्या उलट्या हॉल चिन्हाचा उलगडा याच वाटेने केला.

तुम्ही म्हणाल, ही नुसती चिन्हांची अदलाबदल झाली. एका अर्थी आहेच. बँडमधल्या असंख्य इलेक्ट्रॉनांऐवजी आपण एका कणाचा हिशेब ठेवतो. पण चिन्ह आपण निवडलेलं नाही, ते मीटरवरून आलं आहे.

आणि हा हिशेबही सर्वत्र चालत नाही. पट्टी तापवत नेली की जर्मेनियममध्ये उष्णतेने सुटलेले इलेक्ट्रॉन वाढतात. त्यांची चलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात धावण्याची सहजता, होलच्या दुपटीच्या आसपास असते आणि हॉल व्होल्टेजमध्ये तिचा वर्ग येतो, म्हणून ते होलच्या साधारण चौथाई झाले तरी व्होल्टेज शून्यावर येतो आणि पुढे चिन्ह पलटतं, होल अजून संख्येने जास्त असतानाच. शिवाय जर्मेनियममध्ये माथ्यावर दोन बँड एकमेकांना भिडतात. एकातल्या होलचं वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे एक-तृतीयांश, दुसऱ्यातल्याचं सुमारे चार शतांश. मघाच्या सूत्रात मी दोघांना एकच p धरलं, आणि 25 मिलिव्होल्टच्या आकड्यात तेवढी तडजोड आहे.