सिएम रीप : जांभ्याच्या मातीतले भूसुरुंग

जानेवारीत आम्ही पुण्याहून चौघे कंबोडियातील सिएम रीपला गेलो होतो. अंगकोरची मंदिरे पाहणे हा मुख्य हेतू असला, तरी चारपैकी दीड दिवस आम्ही भूसुरुंगांसाठी राखून ठेवला होता. हा वृत्तांत त्या दीड दिवसाचा आहे.

बांते स्रेई मंदिराच्या थोडे अलीकडे भूसुरुंग संग्रहालय लागते. ते उभारणारे आकी रा यांनी बालसैनिक म्हणून स्वतः सुरुंग पेरले आणि पुढे आयुष्य ते काढण्यात घालवले. तिथे निकामी केलेले सुरुंग काचेमागे मांडलेले आहेत. बहुतेक गोल, तळहातावर मावतील एवढे आणि प्लास्टिकचे किंवा बेकलाइटचे आहेत. असा सुरुंग मातीच्या वरच्या थरात पुरतात आणि पावलाच्या दाबाने तो फुटतो. 1980च्या दशकात थायलंडच्या सीमेलगत ‘के-5’ नावाचा सुरुंगांचा मोठा पट्टा तयार केला गेला. त्याशिवाय पूल, पाऊलवाटा आणि छावण्यांभोवती लढणाऱ्या सर्वच गटांनी सुरुंग पेरले. जागा एकाकडून दुसऱ्याकडे गेली की जुन्या सुरुंगांच्या शेजारी नवे पेरले जात. नकाशे असले तरी अपुरे होते, आणि पुष्कळदा जागा ठाऊक असलेला माणूसच युद्धात मेला.

लोखंड गंजते, मग सुरुंग इतकी वर्षे कसा टिकतो, असा प्रश्न मला होता. उत्तर त्या डबीतच आहे. प्लास्टिक कुजत नाही आणि बंद आवरणातले टीएनटी हे स्फोटक दशकानुदशके टिकते. आतला एखादा भाग गंजला, तर सुरुंग निकामी होईल की अधिक हळवा होईल, हे बाहेरून कळत नाही. पावसाळ्यात तर सुरुंग पाण्यासोबत उतारावरून खाली सरकतो किंवा गाळाखाली दबतो. त्यामुळे मूळ रांग सापडली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, आणि वर्षानुवर्षे कसलेल्या शेतातही एखाद्या नांगरटीत तो वर येतो.

बांते स्रेईच्या आवारभिंतीपाशी मावसबहीण, जी भूगोल शिकवते, थबकली. “ताई, हा आपल्या कोकणातला जांभाच ना?” मी विचारले. जांभाच होता. या भागातली पुष्कळशी मातीही तशीच लोहयुक्त आहे, आणि नेमकी तीच सुरुंग शोधणाऱ्यांना छळते. मेटल डिटेक्टर जमिनीतल्या लोहावरही वाजतो. तो मातीनुसार जुळवून घ्यावा लागतो, पण जुळवताना सुरुंगातल्या सुईएवढ्या धातूचा क्षीण आवाज हरवण्याची भीती असते. शिवाय युद्धभूमीवर गोळ्यांची टरफले आणि लोखंडाचे तुकडे पसरलेले असतात. प्रत्येक आवाज सुरुंगाचाच आहे असे मानून खणावे लागते. माणूस सुमारे मीटरभर रुंदीची पट्टी आखतो, आधी पाय अडकताच स्फोट घडवणाऱ्या तारा तपासून गवत कापतो, मग डिटेक्टर फिरवतो. आवाज आलाच, तर त्या ठिकाणाच्या अलीकडून, आडव्या कोनात, माती हळूहळू सरकवत जातो, कारण सुरुंगाची बाजू हाताला लागलेली चालते; वरचा भाग दाबलेला मात्र चालत नाही. बहुतेक वेळा शेवटी खिळाच निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपोपो संस्थेच्या केंद्रात सुरुंग शोधणाऱ्या उंदरांचे प्रात्यक्षिक पाहिले. हे आफ्रिकेतले थोराड, गालफडांत पिशव्या असलेले उंदीर टांझानियात शिकवले जातात. ते धातू शोधत नाहीत, स्फोटकाचा वास शोधतात, त्यामुळे खिळे आणि जांभा त्यांच्या आड येत नाहीत. दोन माणसांच्या मधल्या दोरीला जोडलेला उंदीर पट्टीत इकडून तिकडे जातो, वास लागला की माती खरवडतो, आणि त्याचे वजन इतके कमी असते की सुरुंग फुटत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासतो. डिटेक्टरवाल्या माणसाला त्यासाठी चार दिवसांपर्यंत लागू शकतात. मगावा नावाच्या उंदराने इथे 71 सुरुंग शोधले आणि 2020मध्ये त्याला पदक मिळाले. मात्र दाट गवतात उंदीर चालू शकत नाही, कडक उन्हात काम थांबवावे लागते, आणि त्याने दाखवलेली जागा शेवटी माणूसच खणतो.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ सोयीचा आहे. संग्रहालय आणि बांते स्रेई टुकटुकने एकाच दिवसात होतात. मंदिरासाठी अंगकोरचा पास लागतो, तो आधीच घ्यावा. उंदरांच्या केंद्रात सकाळी लवकर जावे. नवे विमानतळ शहरापासून दूर आहे, त्यामुळे परतीला दीड तास जादा धरावा. 2025मध्ये थायलंड सीमेवर लढाई झाल्याने त्या बाजूच्या मंदिरांकडे जाण्यापूर्वी ताजी सूचना तपासावी. दूरच्या मंदिरांत नैसर्गिक विधीसाठीसुद्धा मळलेली वाट सोडू नये. कवटीचा लाल फलक किंवा संशयास्पद वस्तू दिसली तर जागीच थांबावे, इतरांना ओरडून सावध करावे, काहीही उचलू नये आणि मदत येईपर्यंत पाऊल हलवू नये.