पेटी, लपवलेली ठेव आणि आमचे तिसरे खाते

आमच्या घरी पैशावरून उघड भांडण फारसे कधी झाले नाही, आणि खरी अडचण तीच होती. नवऱ्याने मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात मला न विचारता 38,000 रुपयांची नवी वाजवायची पेटी आणली, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी जेवढ्यास तेवढे बोलले. पुढच्याच आठवड्यात तो नेहमीप्रमाणे आम्हा दोघांची आयकर विवरणे भरायला बसला आणि माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, त्याला एका मुदत ठेवीचे व्याज दिसले. त्या ठेवीबद्दल मी त्याला कधीच सांगितले नव्हते. 1,60,000 रुपयांची ती ठेव मी पाच वर्षांत थोडी थोडी करून जमवली होती. तो रागावला नाही, एवढेच म्हणाला, "अगं, मी पेटी आणली ती निदान दिवाणखान्यात तरी ठेवली."

इंदूरच्या ज्या घरात मी वाढले तिथे वडील कापड गिरणीत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली आणि त्यांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली, त्यामुळे हाताशी पैसा नसला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. नवऱ्याचे वडील मात्र सरकारी नोकरीत होते. निवृत्तीनंतर दक्षिण भारत पाहायचा म्हणून त्यांनी आयुष्यभर काटकसर केली आणि निवृत्तीला सहा महिने उरले असताना ते गेले. हे दोन्ही इतिहास आम्हाला माहीत होते, पण आपापल्या खर्चाच्या सवयीशी ते कधी जोडून पाहिले नव्हते. त्या रात्री ते जोडले गेले, तेव्हा कोण चूक आणि कोण बरोबर हा प्रश्न बाजूला पडला.

मग आम्ही खर्चाची यादी न करता आधी हेतूंची यादी केली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, पुढच्या पाच वर्षांत काय व्हायला हवे ते लिहिले. दोन्ही कागदांवर आलेल्या गोष्टी तीनच निघाल्या: स्वतःचे घर, सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया आणि मुलीचे पुढचे शिक्षण. त्याच्या कागदावर एकट्याचे केरळ होते आणि माझ्या कागदावर एकटीच्या सोन्याच्या बांगड्या. हे दोन्ही सामाईक यादीत न घेण्याचे ठरले.

घराचा हिशोब मांडला तो असा. आम्हाला परवडेलसा फ्लॅट 45 लाखांचा धरला. या रकमेच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 9 लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा, त्यासाठी साडेपाच लाख गृहीत धरले. एकूण साडेचौदा लाखांपैकी चार लाख आधीच जमलेले होते. उरलेल्या साडेदहा लाखांसाठी दरमहा 30,000 टाकले, तर व्याज न धरता 35 महिने लागतात. "घर घ्यायचंय" असे आम्ही सहा वर्षे म्हणत होतो. महिन्यांचा आकडा पहिल्यांदाच समोर आला.

दोघांचा हातात येणारा पगार 1,30,000, त्याचा 78,000 आणि माझा 52,000. घरखर्चाला 58,000, तिन्ही हेतूंना मिळून 42,000 आणि अडीअडचणीच्या निधीला 10,000 असे धरले, म्हणजे सामाईक गरज 1,10,000 झाली. ती कशी वाटून घ्यायची, यावर आम्ही सर्वांत जास्त अडलो. मला पगाराच्या प्रमाणात वाटणी न्याय्य वाटत होती. पगाराचे प्रमाण 60 ला 40, त्यामुळे त्याने 66,000 द्यायचे, मी 44,000. पण मग त्याच्या हाती 12,000 उरतात आणि माझ्या हाती 8,000. यावर त्यानेच विचारले, "मग तुझा सकाळचा स्वयंपाक आणि आईची औषधं कोणत्या प्रमाणात मोजायची?" मग उलट्या दिशेने आलो. आधी प्रत्येकाला सारखे 10,000 बाजूला काढायचे आणि उरलेले सगळे सामाईक खात्यात टाकायचे. त्याचे 68,000, माझे 42,000, बेरीज तीच.

पगाराची खाती जशी होती तशीच ठेवली. फक्त दोघांच्या नावाने, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असे एक तिसरे खाते उघडले आणि दर महिन्याच्या दोन तारखेला पैसे आपोआप तिथे वळतील अशी सूचना बँकेला दिली. तिथून प्रत्येक हेतूची वेगळी आवर्ती ठेव सुरू केली. मुदतीआधी मोडली तर व्याज कापले जाते, म्हणून तिला हात लावण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. सामाईक खात्यातून 5,000 च्या वरचा खर्च आधी विचारून करायचा. स्वतःच्या 10,000 बद्दल मात्र "कशावर?" हा प्रश्नच विचारायचा नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही. ही शेवटची अट मला जड गेली.

गोंधळ व्हायचा तो झालाच. शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्टे का कीस आणि गराडू खाऊन आलो की पैसे नेहमी तोच देई, आणि महिनाअखेरीस त्याची गुल्लक रिकामी होई. तिसऱ्या महिन्यात ठरले की घरातले सगळे गेलो तर तो घरखर्च, मित्रांबरोबर गेला तर त्याचा.

मोठी चूक चौथ्या महिन्यात उघडी पडली. शाळेची फी, विम्याचे हप्ते आणि गणपती-दिवाळी हे वर्षाकाठचे खर्च आम्ही महिन्याच्या हिशोबात धरलेच नव्हते. फी भरल्यावर सामाईक खात्यात जेमतेम 2,300 उरले आणि महिन्याचे अकरा दिवस बाकी होते. वर्षाकाठच्या अशा खर्चांची बेरीज 84,000 आली, म्हणजे दरमहा 7,000. त्यातले 5,000 घराच्या ठेवीतून कमी केले आणि एक-एक हजार आमच्या स्वतःच्या रकमेतून. घर त्यामुळे सहा महिने लांबले, पण त्यानंतर त्या खात्यात तशी ओढाताण झालेली नाही.

माझी ती लपवलेली ठेव मी मोडली नाही आणि त्यानेही मोडायला सांगितले नाही. फक्त नामनिर्देशन त्याच्या नावाने केले आणि पावती सामाईक कागदांच्या फाइलमध्ये ठेवली. गंमत म्हणजे माझ्या 9,000 मधले निम्मे मी अजूनही साठवतेच. सुरुवातीला तो हसला. मी त्याला अट आठवून दिली, तेव्हा गप्प बसला. पेटीचे सूर लावून घ्यायला आलेले 1,200 त्याने स्वतःच्या रकमेतून दिले आणि मीही "एवढे?" असे विचारले नाही.

हिशोबाला आता चौदा महिने झाले. दर तीन महिन्यांनी, रविवारी पोहे खाऊन झाले की आम्ही फाइल काढून बसतो. यंदा त्याचा पगार 6,000 ने वाढला आहे. मला ते सगळे घराच्या ठेवीत हवे आहेत, म्हणजे लांबलेल्या महिन्यांतले थोडे तरी भरून निघतील. त्याला प्रत्येकी दीड हजार आपल्या हाती आणि उरलेले तीन हजार घराला असे हवे आहे. त्यावर येत्या रविवारी बसायचे आहे.